बेळगावचा न खर्चलेला सीएसआर निधी जातो कुठे?

मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के हिस्सा समाजासाठी खर्च करावा, हा कंपनी कायद्याचा नियम आता सर्वपरिचित झाला आहे. कारखान्याच्या आवारात एखाद्या शाळेला संगणक दिल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की तो ‘सीएसआर’चा खर्च आहे, हेही वाचकांना ठाऊक असते. ज्या वर्षी हा खर्च पूर्ण होत नाही, त्या वर्षी उरलेल्या रकमेचे काय होते, याची चर्चा मात्र क्वचित होते. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ती रक्कम कंपनीकडेच राहत असे आणि संचालक मंडळ आपल्या अहवालात कारण नमूद करून मोकळे होत असे. 22 जानेवारी 2021 पासून ही मुभा संपली. आता न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती ज्या भागासाठी होती, त्या भागातही ती राहीलच याची शाश्वती नाही. बेळगाव-निपाणीसारख्या सीमाभागात या बदलाचा अर्थ अधिक टोकदार आहे. त्याचे कारण येथील अर्थव्यवस्थेच्या रचनेत दडलेले आहे.

कायद्याच्या कक्षेत कोण, बाहेर कोण

कंपनी कायदा, 2013 चे कलम 135 तीन निकष सांगते. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचे निव्वळ मूल्य 500 कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल 1000 कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा अधिक असेल, तर ती कंपनी या कलमाच्या कक्षेत येते. तिन्हींपैकी एक निकष पुरा झाला तरी पुरे. त्यानंतर लगतच्या तीन आर्थिक वर्षांतील निव्वळ नफ्याची सरासरी काढायची आणि तिच्या किमान दोन टक्के रक्कम चालू वर्षात खर्च करायची. हा नफा कलम 198 च्या पद्धतीने मोजला जातो. त्यात प्राप्तिकर वजा होत नाही. म्हणून ताळेबंदाच्या तळाशी दिसणाऱ्या करोत्तर नफ्यावरून केलेला अंदाज बहुधा चुकतो.

या व्याख्येतील पहिला शब्द ‘कंपनी’ हा आहे आणि सीमाभागाच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. संकेश्वरचा हिरण्यकेशी किंवा निपाणीचा हालसिद्धनाथ हे साखर कारखाने सहकारी आहेत. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेली नसते. तिची उलाढाल कितीही मोठी असली तरी कलम 135 तिला लागू होत नाही. बेळगाव आणि निपाणीत पावलोपावली दिसणाऱ्या सहकारी बँका, पतसंस्था आणि बहुराज्य सोसायट्या यांनाही हेच लागू पडते. निपाणीचे नाव ज्या तंबाखू आणि विडी व्यवसायाने देशभर नेले, त्यातील भागीदारी पेढ्याही या कायद्याबाहेर राहतात. या संस्था समाजकार्य करत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. अनेक सहकारी संस्था आपापल्या पोटनियमांनुसार शिक्षणासाठी किंवा धर्मादाय कामासाठी रक्कम बाजूला काढतात. दोन टक्क्यांचा हिशेब मागणारा आणि न खर्चल्यास दंड करणारा हा विशिष्ट कायदा मात्र त्यांच्यावर चालत नाही.

दुसरीकडे, कंपनी मोठी असली म्हणून खर्चाची रक्कमही मोठी असेल असे नाही. श्री रेणुका शुगर्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय बेळगावात आहे आणि तिची उलाढाल हजार कोटींच्या कितीतरी पुढे आहे. मात्र गेल्या दशकात या कंपनीने अनेक वर्षे तोटा सोसला. तीन वर्षांची सरासरी उणे असेल तर तिचे दोन टक्के शून्यच भरतात. अशा वर्षी कंपनी कलमाच्या कक्षेत असते, पण तिच्यावर खर्चाचे बंधन उरत नाही. ज्या तालुक्यात कारखान्याचे धुराडे सर्वांत उंच, तेथूनच सर्वाधिक सीएसआर निधी येईल, हा समज म्हणूनच फसवा आहे.

उरतात त्या दोन प्रकारच्या कंपन्या. पहिल्या प्रकारात बेळगावातील उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींमधील नफ्यात चालणाऱ्या खासगी कंपन्या येतात. त्यांत फाउंड्री, यंत्रभाग आणि हायड्रॉलिक्सचे उत्पादक आहेत. यांच्यापैकी ज्यांचा नफा पाच कोटींची रेषा ओलांडतो, त्या कायद्यात येतात आणि त्यांची रक्कम बहुधा काही लाखांची असते. दुसऱ्या प्रकारात ज्यांचा कारखाना येथे आणि मुख्यालय दूर आहे, अशा मोठ्या कंपन्या येतात. बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना चालवणारी हिंदाल्को ही मुंबईस्थित कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण. सीएसआरची रक्कम संपूर्ण कंपनीच्या नफ्यावर ठरते आणि कोणत्या गावाला किती द्यायचे हे मुख्यालयातील संचालक मंडळ ठरवते. गोव्यातील वेर्णा किंवा कुंडईच्या वसाहतींत कारखाना असलेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या अनेक कंपन्यांबाबत गोमंतकीय वाचकांचा अनुभव याहून निराळा नाही.

‘स्थानिक क्षेत्र’ म्हणजे किती दूर

कंपनीने जेथे तिचे काम चालते, त्या स्थानिक क्षेत्राला आणि परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे कलम 135 म्हणते. या वाक्यावर सीमाभागातील अनेक संस्थांच्या अपेक्षा उभ्या आहेत. मात्र केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात हे प्राधान्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहे, सक्तीचे नाही, असे स्पष्ट केले आहे. स्थानिक प्राधान्य आणि राष्ट्रीय गरजा यांचा समतोल कंपनीने साधायचा आहे. म्हणजे बेळगावच्या कारखान्याच्या नावावर कमावलेला नफा बेळगावातच खर्च झाला नाही, एवढ्या कारणावरून कंपनीला दंड होत नाही.

‘स्थानिक क्षेत्र’ या शब्दांना जिल्ह्याची किंवा राज्याची कुंपणे घातलेली नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला बॉक्साइट पुरवणाऱ्या खाणी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडी येथे राहिल्या आहेत. कारखाना कर्नाटकात आणि खाण महाराष्ट्रात असेल, तर दोन्ही ठिकाणची गावे ‘परिसर’ ठरू शकतात. निपाणीतील एखाद्या कंपनीने कागलच्या शाळेसाठी खर्च केला किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील कंपनीने निपाणीतील मराठी शाळेला प्रयोगशाळा दिली, तर कायद्याची काहीही आडकाठी नाही. सीमावादाची रेषा या कलमाला दिसत नाही. सीमाभागातील शाळा आणि ग्रंथालये यांनी ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण शिक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालये हे दोन्ही विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहेत.

उरलेल्या रकमेच्या दोन वाटा

31 मार्चला आर्थिक वर्ष संपते, तेव्हा न खर्चलेल्या रकमेपुढे दोनच वाटा असतात. ती रक्कम कोणत्या वाटेने जाईल, हे ‘चालू प्रकल्प’ या एका संज्ञेवर ठरते. एका वर्षात न संपणारा, सुरू झालेल्या वर्षाखेरीज आणखी कमाल तीन वर्षे चालणारा प्रकल्प म्हणजे चालू प्रकल्प. तो खरोखर सुरू झालेला असावा लागतो. कामाचा आदेश किंवा कंत्राट दिल्यावर तो सुरू झाला असे मानतात. केवळ संकल्पचित्र किंवा मंजुरीचा ठराव पुरेसा नाही.

रक्कम अशा प्रकल्पाची असेल, तर वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत, ती शेड्यूल्ड बँकेतील एका स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. ‘न खर्चलेल्या सीएसआर रकमेचे खाते’ हेच त्याचे नाव. तेथून ती तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्च करता येते. तेवढ्या मुदतीतही ती संपली नाही, तर पुढच्या तीस दिवसांत ती दुसऱ्या वाटेला लागते.

ही दुसरी वाट सातव्या अनुसूचीतील निधीकडे जाते. चालू प्रकल्पाशी संबंध नसलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, थेट तेथे भरावी लागते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, स्वच्छ भारत कोश, स्वच्छ गंगा निधी ही त्यातील प्रमुख नावे. ही सगळी खाती केंद्रीय पातळीवरची आहेत. रक्कम भरली की कंपनीचे कायदेशीर दायित्व संपते आणि त्या पैशावरचा तिचा शब्दही संपतो. तो पैसा मूळ जिल्ह्यात परत यावा, असे बंधन या निधींवर नाही.

मुख्यमंत्री मदत निधी या यादीत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या पुराने चिकोडी-निपाणी परिसराला वेढले. यमगर्णीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद ठेवावा लागला. अशा वेळी राज्याच्या मुख्यमंत्री निधीला धनादेश देण्याची रीत जुनी आहे. परंतु 10 एप्रिल 2020 च्या परिपत्रकाने मंत्रालयाने स्पष्ट केले की, मुख्यमंत्री मदत निधीला किंवा राज्य मदत निधीला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरली जाणार नाही. ती देणगी म्हणून स्तुत्य असेल, पण दोन टक्क्यांचा हिशेब तिने पुरा होत नाही. त्याऐवजी कंपनीने पूरग्रस्त गावात स्वतः किंवा पात्र संस्थेमार्फत मदत आणि पुनर्बांधणीचे काम केले, तर तो खर्च ग्राह्य ठरतो. आपत्ती व्यवस्थापन हा विषय 2019 मध्येच सातव्या अनुसूचीत आला आहे.

एका फाउंड्रीचा हिशेब

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, उद्यमबागेतील एका फाउंड्री कंपनीला 2021-22 मध्ये 24 कोटी, 2022-23 मध्ये 30 कोटी आणि 2023-24 मध्ये 36 कोटी रुपये नफा झाला. सरासरी 30 कोटी. म्हणून 2024-25 या वर्षात तिला 60 लाख रुपये खर्च करणे भाग आहे. रक्कम 50 लाखांपेक्षा अधिक असल्याने कंपनीला स्वतंत्र सीएसआर समिती नेमावी लागेल. त्याहून कमी असती, तर हे काम संचालक मंडळानेच पाहिले असते.

कंपनीने तीन गोष्टी ठरवल्या. निपाणी तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत 20 लाखांचे विज्ञान दालन, खानापूर तालुक्यात एका गावतळ्याचा गाळ काढून बांध पक्का करण्याचा तीन वर्षांचा 30 लाखांचा प्रकल्प, आणि उरलेले 10 लाख ‘नंतर ठरवू’ म्हणून राखून ठेवलेले. 31 मार्च 2025 रोजी चित्र असे आहे की, शाळेवर 14 लाख खर्च झाले, तळ्यावर 8 लाख खर्च झाले आणि दहा लाखांचा विषय बैठकीत आलाच नाही. एकूण खर्च 22 लाख, शिल्लक 38 लाख.

तळ्याचा प्रकल्प प्रारंभीच बहुवार्षिक म्हणून मंजूर झाला होता आणि त्याचे काम सुरूही झाले होते. त्याचे उरलेले 22 लाख 30 एप्रिल 2025 पूर्वी स्वतंत्र खात्यात गेले, तर ते खानापूरसाठीच राहतात. त्यांना 31 मार्च 2028 पर्यंत मुदत आहे. तोपर्यंत बांध पूर्ण झाला नाही, तर उरलेली रक्कम 30 एप्रिल 2028 पर्यंत केंद्रीय निधीत भरावी लागेल.

राखून ठेवलेल्या 10 लाखांना कोणताच प्रकल्प नाही. ते 30 सप्टेंबर 2025 पर्यंत केंद्रीय निधीत जाणार, यात पर्याय नाही.

खरा पेच शाळेच्या 6 लाखांचा आहे. दालनाचे काम एका वर्षासाठी मंजूर झाले होते. शिक्षण खात्याची परवानगी उशिरा आली, निपाणी ज्या शैक्षणिक जिल्ह्यात येते त्या चिकोडीच्या कार्यालयात कागद फिरत राहिला आणि मार्चअखेर सहा लाखांचे फर्निचर व उपकरणे यायची राहिली. संचालक मंडळाने याबाबत काहीच ठराव केला नाही, तर ही रक्कमही 10 लाखांबरोबर केंद्रीय निधीत जाते. शाळेच्या भिंती उभ्या राहतात, पण टेबले येत नाहीत. मात्र प्रारंभी एकाच वर्षाचा असलेला प्रकल्पही संचालक मंडळाला सबळ कारण नोंदवून पुढे वाढवता येतो आणि मग तो चालू प्रकल्प ठरतो. हा ठराव आर्थिक वर्ष संपण्याआधी झाला असेल, तर सहा लाख स्वतंत्र खात्यात जातात आणि निपाणीच्या त्याच शाळेत खर्च होतात. सहा लाख रुपये दिल्लीला जाणार की निपाणीत राहणार, हे येथे एका वेळेत केलेल्या ठरावाने ठरते.

आता कंपनीने काहीच केले नाही, असे मानू. शाळेचे 6 आणि राखीव 10 मिळून 16 लाख 30 सप्टेंबरपर्यंत कोठेच भरले नाहीत. कायद्यानुसार कंपनीला भरावयाच्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल तेवढा दंड होतो. येथे तो 32 लाख होईल. चुकीस जबाबदार असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्या रकमेचा दहावा हिस्सा किंवा दोन लाख, यांतील कमी असलेली रक्कम म्हणजे 1 लाख 60 हजार रुपये भरावे लागतील. हा दंड कंपनी निबंधक आकारतात. मूळ चूक दुरुस्त करण्याचा आदेशही ते देऊ शकतात. त्यामुळे दंड भरला म्हणून 16 लाखांचे दायित्व आपोआप पुसले जाते, असे समजण्यात अर्थ नाही.

याच गणितात कायद्याची एक मर्यादाही दिसते. चुकलेली रक्कम 50 लाख असेपर्यंत दंड तिच्या दुप्पट असतो. त्यापुढे एक कोटीची कमाल मर्यादा आड येते. पाच कोटी रुपये न भरणाऱ्या कंपनीलाही दंड एक कोटीच होतो, म्हणजे चुकलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा. उद्यमबागेतील छोट्या कंपनीवर या तरतुदीचा भार जितका जाणवतो, तितका मोठ्या उद्योगसमूहावर जाणवत नाही. 2019 च्या दुरुस्तीत तर जबाबदार अधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. उद्योगजगतातून तीव्र विरोध झाल्यावर ती अमलात आणली गेली नाही आणि 2020 च्या दुरुस्तीने तिच्या जागी आर्थिक दंड आला.

मार्चमधील घाई आणि धनादेशाचा भ्रम

पैसे शिल्लक राहण्याचे कारण रक्कम उशिरा कळते, असे सांगितले जाते. ते फारसे पटणारे नाही. सरासरी मागील तीन वर्षांची असते. एक एप्रिलला नवे वर्ष सुरू होते, तेव्हा ती तिन्ही वर्षे संपलेली असतात. हिशेब पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतात, हे मान्य केले तरी जूनपर्यंत आकडा हाती येतो. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. खानापूरसारख्या तालुक्यात जून ते सप्टेंबर मुसळधार पावसामुळे बांधकाम आणि गाळ काढण्याची कामे जवळपास थांबतात. त्यामुळे प्रस्ताव पावसाळ्यात तयार झाला नाही आणि ऑक्टोबरमध्ये कामाचा आदेश निघाला नाही, तर मार्चपर्यंत काम पुरे होणे कठीण. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रस्तावांची चर्चाच जानेवारीत सुरू होते.

या घाईत मग एक सोपा मार्ग निवडला जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या संस्थेला पूर्ण रकमेचा धनादेश द्यायचा आणि खर्च झाला असे लिहायचे. हा मार्ग आता बंद आहे. मंत्रालयाच्या 2021 च्या स्पष्टीकरणानुसार, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला पैसे दिले म्हणजे खर्च झाला, असे होत नाही. संस्थेने ते कामावर वापरले पाहिजेत आणि मंजूर पद्धतीने ते वापरले गेल्याचे कंपनीच्या मुख्य वित्तीय अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. संस्थेच्या खात्यात पडून असलेली रक्कम न खर्चलेलीच धरली जाते आणि ती वर सांगितलेल्या दोन वाटांपैकी एकीने जाते. संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, देणगी देऊन सीएसआर दाखवण्याची पद्धतही जानेवारी 2021 च्या नियमांनी संपुष्टात आणली. इमारत निधी साठवत राहणाऱ्या आणि व्याजावर चालणाऱ्या जुन्या संस्थांना हा बदल विशेष बोचला आहे.

सीमाभागातील मराठी संस्थांची आणखी एक अडचण पात्रतेची आहे. सीएसआरचे काम स्वीकारणारी संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम 8 खालील कंपनी असावी लागते. कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल, तर तिला किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव हवा. प्राप्तिकर कायद्याखालील 12ए आणि 80जी या नोंदण्या आणि 1 एप्रिल 2021 पासून केंद्राकडील सीएसआर-1 नोंदणी क्रमांक यांचीही गरज असते. गावोगावची युवक मंडळे, वाचनालये आणि शाळा सुधारणा समित्या वर्षानुवर्षे चोख काम करतात, पण हे कागद त्यांच्याकडे नसतात. म्हणून त्यांचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी धनादेश त्यांच्या नावे निघू शकत नाही.

येथे एक पर्याय अनेकांच्या ध्यानात येत नाही. कंपनी स्वतःही काम करू शकते. शाळेची बाके, वाचनालयाची कपाटे किंवा सौर पंप कंपनीने थेट पुरवठादाराकडून विकत घेतले, तर मधल्या संस्थेच्या नोंदणीचा प्रश्न येत नाही. तयार झालेली मालमत्ता मात्र कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती पात्र संस्थेच्या, लाभार्थींच्या स्वयंसहायता गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. सरकारी शाळेचे दालन त्यामुळे सहज बसते. ग्रामपंचायतीच्या जागेतील वाचनालयही बसते.

वाचकाने कोठे पाहावे

हा पैसा खर्च झाला की नाही, हे सामान्य नागरिकाला तपासता येते. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची गरज नसते. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचे जोडपत्र असते. त्याचा नमुना नियमांनीच ठरवून दिला आहे. बंधनकारक रक्कम, प्रत्यक्ष खर्च, स्वतंत्र खात्यात गेलेली रक्कम, केंद्रीय निधीत भरलेली रक्कम आणि मागील तीन वर्षांची शिल्लक यांची कोष्टके त्यात असतात. निर्माण झालेल्या स्थावर-जंगम मालमत्तेचा पत्ता आणि ती कोणाच्या नावे आहे, हेही त्यात लिहावे लागते. मंजूर प्रकल्पांची यादी संकेतस्थळ असलेल्या कंपनीने तेथे प्रसिद्ध करणे आवश्यक आहे.

त्याहून अधिक विश्वासार्ह खूण लेखापरीक्षकाच्या अहवालात सापडते. 2020 च्या लेखापरीक्षक अहवाल आदेशातील विसावा मुद्दा केवळ याच विषयाचा आहे. न खर्चलेली रक्कम मुदतीत केंद्रीय निधीत किंवा स्वतंत्र खात्यात गेली का, याचे उत्तर लेखापरीक्षकाला तेथे द्यावे लागते. संचालकांची भाषा कितीही गोड असली, तरी या एका परिच्छेदातील ‘भरली नाही’ एवढे शब्द पुरेसे बोलके असतात. काही लहान खासगी कंपन्यांना हा आदेश लागू नसतो, पण दोन टक्क्यांच्या कक्षेतील बहुतेक कंपन्यांना तो लागू होतो.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. जोडपत्रात प्रकल्पाच्या ठिकाणासमोर ‘अखिल भारत’ किंवा केवळ राज्याचे नाव लिहिलेले असेल, तर बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला किती आले, हे त्यातून उलगडत नाही. अशा वेळी मालमत्तांची यादी पाहावी. पत्ता लिहिल्याशिवाय मालमत्ता दाखवता येत नाही.

तारखांचे महत्त्व

संचालक मंडळाला एक सवलत कायद्याने दिली आहे आणि पूरप्रवण भागात तिचा उपयोग विशेष आहे. एखाद्या वर्षी बंधनकारक रकमेहून अधिक खर्च झाला, तर जादा रक्कम पुढील तीन आर्थिक वर्षांच्या दायित्वातून वळती करून घेता येते. म्हणजे वर्षाचे नियोजन झाल्यावर जुलैमध्ये वेदगंगेला पूर आला, तर ‘या वर्षीचे पैसे संपले’ असे म्हणण्याची वेळ कंपनीवर येत नाही. ती आज खर्च करू शकते आणि पुढे हिशेब जुळवू शकते. यासाठीही संचालक मंडळाचा ठराव लागतो.

कलम 135 ची रचना अशी आहे की, योग्य ठराव योग्य वेळी झाला तर पैसा गावात राहतो आणि तो झाला नाही तर पैसा गावाबाहेर जातो. दंडाची भीती कंपनीला असते. गावाचे नुकसान दंडाच्या आकड्यात मात्र दिसत नाही. वरच्या उदाहरणातील फाउंड्रीने 16 लाख रुपये 30 सप्टेंबरपूर्वी नियमाने केंद्रीय निधीत भरले, तर तिच्यावर एक रुपयाचाही दंड नाही. कायद्याच्या नजरेत तिने काही चुकीचे केले नाही. निपाणीची शाळा तरीही टेबलांविना राहते. सहकारी संस्था आणि भागीदारी पेढ्या यांच्या बहुसंख्येमुळे ज्या भागात कायद्याच्या कक्षेतील कंपन्याच मोजक्या आहेत, तेथे अशी प्रत्येक रक्कम जाणवण्याइतकी मोठी असते.

म्हणून शाळा, ग्रामपंचायती आणि संस्था यांनी कंपनीचे दार मार्चमध्ये ठोठावण्यात फारसे हशील नाही. जून-जुलैमध्ये खर्चाचा आकडा निश्चित होतो, तेव्हा जागेचा उतारा, खात्याची परवानगी आणि खर्चाचा अंदाज यांसह प्रस्ताव समोर असावा. काम सुरू झालेले असेल आणि ते अडलेले दिसत असेल, तर फेब्रुवारीतच कंपनीला लेखी कळवून मुदतवाढीचा ठराव मागावा. 31 मार्चनंतर अशी विनंती केली, तर कंपनीची इच्छा असली तरी तिचे हात बांधलेले असतात.